'डबल बेल' माईकवर: एसटी डेपोतल्या निरोपाच्या भाषणात टोपणनावं कशी घ्यावीत

प्रश्न: आमच्या एसटी डेपोतले वाहतूक नियंत्रक, आम्हा सगळ्यांचे तात्या, या महिनाअखेर रिटायर होतायत. आधी बरीच वर्षं ते कंडक्टर होते. सिंधुदुर्गातला डेपो, सगळे मालवणी बोलणारे. डेपोत त्यांना 'डबल बेल' म्हणतात, आणि मागून 'संकासूर'. बाकीच्यांचीही नावं आहेत: 'सुट्टे', 'बांगडो', 'घाटी', आणि एक जण सस्पेंड झाला होता त्याला 'पाहुणो'. समारंभाला तात्यांच्या घरची माणसं आणि डेपो मॅनेजर समोर असतील. हसवायचंय, पण कोणाला लागता नये. काय घेऊ, काय सोडू?

उत्तर:

'डबल बेल' घ्या. 'सुट्टे' त्या माणसाला विचारून एका वाक्यात घ्या. बाकीची चारही नावं कागदावरसुद्धा लिहू नका.

पाच मिनिटांच्या भाषणात एकच टोपणनाव नीट बसतं. नाव कसं पडलं ते सांगायचं, त्यातला माणूस उभा करायचा, लोक हसले की थांबायचं आणि मग पुढे जायचं, यात दीड-दोन मिनिटं सहज जातात. सहा नावं एकामागून एक वाचली तर ती हजेरी होते. लोक हसतात, पण नुसत्या नावाला हसतात. नावामागचा माणूस कोणाला दिसत नाही. शिवाय यादी सुरू झाली की ज्यांची नावं राहिली ती मागच्या रांगेतून ओरडून सांगितली जातात, आणि तिथून भाषण तुमच्या हातात राहत नाही.

आता ही निवड का, ते सांगतो. 'डबल बेल' हे नाव कामातून आलेलं आहे, तात्यांच्या तोंडावर घेतलं जातं आणि त्यात त्यांच्या शरीराचं, घराण्याचं किंवा चुकीचं काही नाही. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते, हे घरच्या नातवंडांनाही माहीत असतं, म्हणून समजावत बसावं लागत नाही. तुम्ही कारण लिहिलेलं नाही, पण कंडक्टरला असं नाव बहुधा दोनच कारणांनी पडतं. एक, त्याला गाडी सोडायची घाई असते. दोन, तो प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. कारण कोणतं ते तात्यांच्या जुन्या ड्रायव्हरकडून आधी काढून घ्या, कारण दोन्हींची भाषणं अगदी वेगळी होतात. घाईचं असेल तर त्यात प्रवासी मागे राहिल्याचा वास येतो, आणि ते फार जपून लिहावं लागतं. दोनदा सांगण्याचं असेल तर सोनं आहे. मी दुसरं धरून पुढचा नमुना दिला आहे.

'संकासूर' का नको? दशावतार पाहिलेल्या माणसाला वाटेल, यात काय वाईट, संकासुराला पोरंटोरं टाळ्या वाजवतात. पण हे नाव तुम्ही स्वतःच लिहिल्याप्रमाणे मागून घेतलं जातं. मागून घेतलेलं नाव पुढे आणायचं नाही, मग ते कितीही लाडाचं असो. तात्या ते पहिल्यांदा ऐकणार कधी, तर नोकरीच्या शेवटच्या दिवशी, काकी शेजारी आणि नातवंडं समोर असताना. एरवी डेपोत कोणाला काही लागलं तर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर भेट होते, चहा होतो, विषय मिटतो. इथे दुसरा दिवस नाही. लागलेलं मनात घेऊन माणूस घरी जातो.

'बांगडो' बहुतेक कोणाच्या तरी डब्यामुळे पडलं असेल. खाण्याचं नाव निरुपद्रवी वाटतं, पण मासळीच्या वासाची थट्टा माईकवरून झाली की ती एका माणसाची राहत नाही. सभागृहात मच्छीमार कुटुंबातली माणसं असणार, कोणीतरी ती जातीवरून ऐकणार, आणि तुमच्या मनात नसलेला अर्थ तुम्हाला निस्तरावा लागणार. 'घाटी' तर कुठल्याच रूपात नको. 'आमचो घाटी' असं मायेने म्हटलं तरी नको. कोल्हापूर-सांगलीकडून बदलून आलेल्या माणसाला रोज ते ऐकण्याची सवय झाली असेल, पण त्याच्या बायकोला झालेली नसते. 'पाहुणो' खात्याच्या कारवाईतून आलेलं आहे. डेपो मॅनेजरसमोर चौकशीचा विषय हसण्यावारी गेला, तर त्या माणसाचंही नुकसान आणि मॅनेजरचीही अडचण. तो माणूस स्वतः 'घे रे, माका काय फरक नाय' म्हणाला, तरी सोडा.

तुमच्या यादीत नसलेली, पण प्रत्येक डेपोत असतात अशी आणखी नावं आहेत: रंगावरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून, लंगडण्यावरून, दारूवरून पडलेली. ती का नकोत हे सांगायची गरज नाही. एका गोष्टीकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधतो. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात काही ठिकाणी कामावर आलेल्यांना आणि न आलेल्यांना एकमेकांनी नावं ठेवली. ती अजून ओली आहेत. संपाचा उल्लेखच भाषणात आणू नका, कारण संप म्हटलं की ती नावं कोणाच्या तरी ओठांवर येतात.

परवानगी घेण्याची रीत

'तात्यानू, तुमच्या नावाची जरा मजा केलंय तर चलात?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: 'कर रे, कर.' नाही म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटेल. म्हणून परवानगी मागू नका, ओळ वाचून दाखवा. समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी, कंट्रोल रूममध्ये दुसरं कोणी नसताना, जी वाक्यं तुम्ही बोलणार आहात तीच वाचा. ते हसून त्यात भर घालू लागले, 'आणि ता कुडाळच्या गाडयेचा सांग मां' असं म्हणाले, तर ओळ पास. नुसतंच 'बरां आसा' म्हणून विषय बदलला, तर ती ओळ काढा आणि का म्हणून विचारू नका.

त्याच वेळी तीन गोष्टी विचारून घ्या. घरून कोण कोण येणार आहे, काकींना हे नाव माहीत आहे का, आणि कोणती गोष्ट अजिबात नको. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी अनपेक्षित असतं. एखादा अपघात, एखाद्या प्रवाशाशी झालेलं भांडण, घाटात बंद पडलेली एखादी गाडी, जिच्यात त्या रात्री काहीतरी वाईट घडलं होतं. डेपोत तिची गजाल झालेली असते, पण त्यांच्यासाठी ती गजाल नसते.

वाक्य बांधायचं कसं

चांगलं टोपणनावही वाईट वाक्यात अपमान होतं. हे पहा:

'आमचे तात्या म्हणजे डबल बेल! एक गोष्ट दहा वेळा सांगणार, आपलं डोकं खाणार!'

यात नाव आधी आलं, मग आरोप, मग बोलणाऱ्याचा त्रास. ऐकणाऱ्याला कळलं एवढंच की तात्या कटकट करतात. शिवाय 'दहा वेळा' खोटं आहे, आणि अतिशयोक्ती झाली की थट्टा माणसाची राहत नाही, एका व्यंगचित्राची होते.

आता क्रम उलटा करा. आधी प्रसंग, मग कामाची गरज, मग तात्यांचं स्वतःचं वाक्य जसंच्या तसं, आणि नाव सगळ्यात शेवटी. नाव येईपर्यंत लोकांना कळलेलं असतं की दोनदा सांगण्यामागे कोणाची तरी काळजी होती. मग हसू येतं ते ओळखीचं. हसणाऱ्याला तात्या आवडलेले असतात.

म्हणून तयारीचा बराचसा वेळ लिहिण्यात जाऊ देऊ नका, तात्यांची वाक्यं गोळा करण्यात जाऊ द्या. त्यांच्याबरोबर जास्त काळ चाललेला ड्रायव्हर, त्यांच्या हाताखाली शिकलेला एखादा कंडक्टर, स्टँडवरचा कँटीनवाला, अशा तीन-चार जणांना एकच विचारा: 'तात्या नेमके कसे बोलतात, ता सांग.' वर्णन नको, वाक्य हवं. दोन जणांनी एकच वाक्य सांगितलं तर ते भाषणात घ्या, कारण बाकीचेही ते ओळखतील.

मालवणी फक्त तात्यांच्या वाक्यांत ठेवा, बाकीचं भाषण तुम्ही जसं बोलता तसं. तुम्ही स्वतः मालवणी बोलणारे नसाल तर त्यांचा हेल काढू नका, शब्द तेवढे सांगा. हेलाची नक्कल म्हणजे त्यांच्या बोलीची नक्कल, आणि सभागृहातल्या निम्म्या लोकांची बोली तीच आहे. शिवीचंही तसंच. 'मेल्या' चालतं, त्यात माया आहे. 'आवशीचो घो' डेपोत दिवसातून पन्नास वेळा कानावर पडत असेल, पण माईकवरून, काकींसमोर आणि बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या साहेबांसमोर ती नुसती शिवी उरते.

डेपोचे शब्द

वेबिल, वस्ती, जादा, 'गाडी फेल गेली', 'फेरी मारली' हे शब्द तुम्हाला श्वासासारखे आहेत, पण तात्यांच्या सुनेला नाहीत. पाच मिनिटांत असे दोन, फार तर तीन शब्द घ्या आणि प्रत्येकाचा अर्थ विनोदाच्या आधी, गोष्टीतच देऊन टाका. विनोद झाल्यावर अर्थ सांगितला तर अर्धं सभागृह हसून झालेलं असतं आणि उरलेलं अर्धं ऐकत असतं.

'वस्ती' हा शब्द घेताना फार सांभाळा. शेवटची फेरी गावात जाऊन मुक्कामाला थांबते आणि पहाटेची पहिली फेरी तिथूनच सुटते, एवढीच ती गोष्ट. पण ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीगृहात वस्तीवरून जे विनोद होतात, ते 'रात्री कुठे होतास' या अंगाने जातात. निरोप समारंभात काकींच्या समोर तसला एक इशारा पुरतो, सगळं बिघडायला. वस्तीच्या रात्री घर कोणी सांभाळलं, या बाजूने तोच शब्द घेतला तर तो भाषणातला सगळ्यात चांगला शब्द ठरतो. खालच्या नमुन्यात तसं केलं आहे.

एसटीच्या भाषेत निरोप देताना आणखी एक खड्डा असतो, आणि त्यात चांगले बोलणारेही पडतात. 'शेवटचा थांबा', 'प्रवास संपला', 'गाडी आता डेपोत लागली', 'इंजिन थकलं', 'आता स्क्रॅप'. बोलणाऱ्याला हे शब्द सुचलेले असतात नोकरीवरून, पण ऐकणाऱ्या घरच्यांना ते मरणाचे वाटतात. स्क्रॅप तर उघडच भंगार. सिंगल बेलही याच कारणाने शेवटाला नको, ती थांबायची खूण आहे. सुदैवाने तात्यांचं नाव डबल बेल आहे, आणि डबल बेलला गाडी सुटते. भाषणाचा शेवट तिथेच करा.

नमुना

साधारण तीनशे शब्द आहेत. हसण्याला जागा सोडून सावकाश वाचलं तर पाच मिनिटांच्या आत संपतं. तात्यांची वाक्यं ही माझी आहेत. तिथे त्यांची खरी घाला.

'तात्या, काकी, घरची सगळी मंडळी, मॅनेजर साहेब आणि डेपोतल्या माझ्या भावा-बहिणींनो, नमस्कार.

गाडीतली दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. तात्या कंडक्टर होते तेव्हा त्यांच्या गाडीत ती दोरी जरा उशिरा ओढली जायची. कारण त्याआधी सगळं दोनदा विचारून व्हायचं. "बसलंस? बसलंस मां?" "तिकीट घेतलंस? घेतलंस मां?" "पिशयी वर ठेव. वर ठेव गो, पायात येता." एवढं झालं की मग दोरी. त्यांचे ड्रायव्हर म्हणायचे, सगळ्यांच्या गाडयेक दोन बेली, तात्यांच्या गाडयेक चार. दोन तोंडाच्यो आणि दोन दोरीच्यो.

(थांबा)

तेव्हा आमचे "सुट्टे" त्यांच्याकडे काम शिकत होते. त्यांची परवानगी घेऊन हे नाव घेतोय. तात्यांनी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं, सुट्टे पैसे आधी परत दे, मग दोरी ओढ. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आजही चहावाल्याकडे सुट्टे मागतात.

पुढे तात्या कंट्रोलर झाले. हातातली दोरी गेली आणि माईक आला. आम्हाला वाटलं, आता तरी एकदाच बोलतील. पण तात्या पुकारायचे, "कुडाळ गाडी फलाट दोनला लागली आहे." मग जरा थांबून, हळू, "कुडाळ. फलाट दोन." एका नव्या मुलाने विचारलं, तात्या, एकदा सांगितलं तर चालत नाही का? तात्या म्हणाले, "पयल्या वेळाक ती उठता. दुसऱ्या वेळाक ती पिशयी उचलता. मधीच गाडी गेली तर?"

ती म्हणजे कोण, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यातून औषधं घेऊन आलेली, बाकावर डुलकी लागलेली कुठल्याही वाडीतली आजी. तिची गाडी चुकू नये म्हणून आमचे तात्या दोनदा बोलले. त्यांचं नाव डबल बेल पडलं ते असं.

आता काकींशी एक बोलायचं आहे. तात्या वस्तीची गाडी घेऊन जायचे. वस्ती म्हणजे रात्रीची फेरी गावात थांबते आणि पहाटेची पहिली तिथूनच सुटते. त्या पहाटेच्या गाडीने कॉलेजची पोरं परीक्षेला गेली, बाजारात भाजी गेली. काकी, त्या रात्री तुम्ही मुलांना घेऊन घरात एकट्या होतात. त्या गाडीचे तुमच्यावर उपकार नाहीत, तुमचे त्या गाडीवर आहेत.

आणि गणपती. मुंबईच्या जादा गाड्या, रात्रभर न झोपलेले चाकरमानी, त्यांची पोरं, त्यांची पोती. तात्या चहा दोनदा मागवायचे आणि एकदाही प्यायचे नाहीत. यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तात्यानू, तुमी घरात बसा आणि चाय पिया. गरम पिया.

गाडी सुटायची वेळ झाली. आजपर्यंत बेल तुम्ही दिलीत. आजची आम्ही देतो.'

इथे तुम्ही हात वर करायचा, आणि सगळ्या डेपोने मिळून 'टिंग टिंग' म्हणायचं.

या नमुन्यात लोक हसावेत अशा चार जागा आहेत: चार बेली, सुट्टे, माईक आणि चहा. चारही वेळा हसण्याचा विषय म्हणजे कामातली काळजी. काकींच्या परिच्छेदात एकही विनोद नाही, आणि तो तसाच ठेवा. हसणाऱ्या सभागृहाला एक गंभीर परिच्छेद लागतो, नाहीतर शेवटची बेल नुसती गंमत होते. 'सुट्टे' त्या माणसाला नको असेल तर तो परिच्छेद सरळ काढा, भाषणाला धक्का लागत नाही. आणि मॅनेजर साहेबांचं टोपणनाव, असलंच, तर ते या भाषणात कोणत्याही मार्गाने येऊ देऊ नका. तात्यांच्या भाषणात दुसऱ्याचा हिशोब मिसळला की तात्यांवरून नजर हटते.

समारंभाच्या दिवशी

तुमचं भाषण तात्यांच्या उत्तराच्या आधी हवं. कार्यक्रम आखणाऱ्याला हे आवर्जून सांगा. तात्यांना उठून 'ह्यो मेलो स्वतः दोनदा हजेरी लावता' असं तुमच्यावर उलटवता आलं पाहिजे. ज्याची थट्टा झाली त्याला शेवटचा शब्द मिळाला की कोणाच्या मनात काही राहत नाही. ते आधी बोलून बसले आणि मग तुम्ही उभे राहिलात, तर त्यांना गप्प बसून ऐकावं लागतं, आणि तेच भाषण दुप्पट बोचतं.

मागच्या रांगेतून 'संकासूर!' अशी आरोळी येऊ शकते. ती सभागृहात थोपवता येत नाही, आधीच थोपवावी लागते. डेपोत जे दोघे-तिघे सगळ्यात मोठ्याने बोलतात त्यांना आदल्या दिवशी गाठा आणि शेवटच्या 'टिंग टिंग'ची जबाबदारी त्यांच्यावर टाका: 'मी हात वर केलंय की तुमी सुरुवात करायची.' काम मिळालं की ते त्याची वाट बघत बसतात. तरीही आरोळी आलीच, तर तिच्याकडे बघू नका, नाव पुन्हा उच्चारू नका, 'गप रे' असंही म्हणू नका. पुढचं वाक्य बोला. तुम्ही उत्तर दिलंत की ती आरोळी भाषणाचा भाग होते.

एखादी ओळ चुकली हे कसं ओळखायचं? हसू कुठून आलं ते पहा. मागून आलं आणि पुढच्या रांगेत घरची माणसं एकमेकांकडे बघत असतील, तर त्यांना एक तर कळलं नाही किंवा लागलं. तात्या तुमच्याकडे न बघता काकींकडे बघत असतील, तर लागलंच. अशा वेळी खुलासा करू नका. सरळ काकींच्या परिच्छेदावर या आणि त्यानंतरचा उरलेला विनोद गाळा. 'वाईट वाटून घेऊ नका, मजेत घ्या' हे वाक्य कधीच नको. लिहिताना एखाद्या ओळीपुढे ते वाक्य घालावंसं वाटलं, तर ती ओळच काढून टाका.

मोबाईल चालू असणार आणि संध्याकाळपर्यंत तुकडे व्हॉट्सॲपवर फिरणार, हेही धरून चाला. कोणी फक्त वीस सेकंद पाहिली तरी त्या वीस सेकंदांत अपमान दिसता नये. नमुन्यात नाव कारणाला चिकटून आलं आहे ते यासाठीही.

गाऱ्हाणं घालायचं असेल तर

तुमच्याकडे अशा समारंभात शेवटी गाऱ्हाणं घालायची हौस असते. 'टिंग टिंग'ऐवजी तेही चालेल, पण दोन्ही नको. गाऱ्हाणं घालताना गावच्या देवाचं नाव घेऊ नका. तो मान ज्याचा आहे त्याचा. चार ओळी पुरेत, आणि त्यात फक्त मागणं असावं, टोमणा नसावा. प्रत्येक ओळीनंतर 'व्हय महाराजा' येतं, म्हणजे तुमच्या प्रत्येक वाक्याला सगळं सभागृह होकार देतं. टोमणा असला तर त्यालाही सगळे होकार देतात, आणि तो एकट्या माणसाच्या अंगावर येतो. असं काहीतरी:

'बा देवा महाराजा, आज आमचे तात्या घराक चलले हत.
व्हय महाराजा!
तेंच्या अंगणात जो कोण येयत, तेका दोनदा चाय मिळांदे.
व्हय महाराजा!
रात्री-अपरात्री कंट्रोल रूमचो फोन तेंका उठवूक नको.
व्हय महाराजा!
तेंका आणि काकीक खिडकीकडची सीट गावांदे, आणि गाडी वेळेर सुटांदे.
व्हय महाराजा!'

गाऱ्हाणं ज्याला घालता येतं त्यालाच घालू द्या. चाल अडखळली तर लोक चालीला हसतात, शब्द ऐकत नाहीत. तुमच्या डेपोत दशावतारात किंवा भजनात असलेला कोणीतरी नक्की असेल. आधी एकदा त्याच्याकडून म्हणवून घ्या, आणि 'वेळेर', 'गावांदे' असे शब्द तो आपल्या गावात जसे उच्चारतो तसेच राहू द्या. शेवटी वेळेचं बघा. दुपारच्या चार-पाचच्या सुमाराला समारंभ असेल तर गणवेशातली निम्मी माणसं पुढच्या ड्युटीवर जायच्या घाईत असतात. तुमचं भाषण शाल-श्रीफळ झाल्याबरोबर, नाश्त्याच्या ताटल्या हलायच्या आधी ठेवा, म्हणजे ज्यांना गाडी काढायची आहे तेसुद्धा बेल देऊन जातील.